पहिलं वर्ष, दोन गावं: सोबतचे दिवस मोजायचे कसे आणि राखायचे कसे

आमचं लग्न मे २०२५ मध्ये झालं. मी लातूरला एका सरकारी बँकेत आहे, नवरा चाकणला एका कारखान्यात. सासर औसा तालुक्यात, माहेर अंबाजोगाईला. लग्नानंतर मी सासरी राहून रोज एसटीने लातूरला जाऊ लागले आणि ते नवव्या दिवशी कामावर रुजू झाले. दिवाळी आटोपल्यावर एका रविवारी मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पानं मागे उलटली आणि आम्ही सोबत असलेल्या दिवसांवर गोल करत गेले. सहा महिन्यांत अकरा भेटी, सत्तावीस दिवस. मग त्यातले असे दिवस शोधले, की जेव्हा कुठे जायचं नव्हतं, कोणी यायचं नव्हतं आणि आम्ही दोघं नुसते घरात होतो. ते चार निघाले.

तोवर मला वाटायचं की आमचा त्रास अंतराचा आहे. अंतर होतंच, पण सत्तावीसमधले तेवीस दिवस कुठे गेले हे बघितल्यावर हातात धरण्यासारखं काहीतरी आलं. नव्या जोडप्याचं पहिलं वर्ष आपल्याकडे सणांचं, देवदर्शनाचं, जेवणावळींचं असतं. दोघं एकाच गावात राहत असतील तर हे सगळं होऊनही रोजची रात्र उरते. आपल्यासारख्यांना ती उरत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः दिवसांबद्दल आहे. ते आधी कसे मोजायचे, घरच्यांना न दुखवता कसे राखायचे आणि मधल्या काळात फोनवर काय करायचं, ते आम्ही ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने सांगते.

पहिली पायरी: दोघांच्या सुट्ट्या एका कागदावर

हे लग्न ठरतानाच केलं तर उत्तम, नाहीतर पहिल्या महिन्यात करा. एका मोठ्या कागदावर वर्षाचे बावन्न आठवडे लिहा आणि दोघांच्या नोकरीचे नियम त्यावर मांडा. तोंडी बोलून हे जमत नाही, कारण ‘बघू, जमेल तसं येतो’ या वाक्यात सगळं वाहून जातं.

आमचंच उदाहरण घेते. बँकेला रविवार आणि महिन्याचा दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. म्हणजे वर्षात चोवीस वेळा मला सलग दोन दिवस मिळतात. त्यांना रविवार सुट्टी आणि पाळ्या दर आठवड्याला बदलतात. पहिली सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सकाळी सात. रात्रपाळीचा आठवडा रविवारी सकाळी सातला संपतो आणि सोमवारी सकाळी सातला पहिली पाळी सुरू होते. मध्ये फक्त चोवीस तास, आणि माणूस सहा रात्री जागलेला. त्या आठवड्यात त्यांनी लातूरला येणं शक्यच नाही आणि मी गेले तरी ते झोपणार. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा आमचं भांडण झालं आणि दोन्ही वेळा कारण झोपेचंच होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तर तीनातला एक आठवडा बाद. चोवीस जोडसुट्ट्यांपैकी साधारण सोळा उरल्या. वर्षभरात सोळा चांगल्या भेटी, हा आमचा पाया. बाकीच्या भेटी म्हणजे एका रविवारच्या धावपळी किंवा रजा टाकून मिळवलेले दिवस. सोळा हा आकडा ऐकून मी रडले होते. पण त्यानंतर ‘यावेळी का नाही आलात?’ हा प्रश्न आमच्यात जवळजवळ संपला, कारण उत्तर दोघांनाही आधीच माहीत असायचं.

तुमचा आकडा वेगळा निघेल. भोसरी-पिंपरीकडच्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. अशा ठिकाणी नवरा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत बायको असेल तर दोघांच्या सुट्ट्या एकमेकींना भेटतच नाहीत, आणि प्रत्येक भेटीला एकाची रजा जाते. मग रजाच आधी मोजाव्या लागतात. किती किरकोळ रजा, किती अर्जित, आणि त्यातल्या आजारपणासाठी किती बाजूला ठेवायच्या. निदान चार दिवस तरी कोणाच्याही कार्यक्रमाला न देता शिल्लक ठेवा. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं तेव्हा आमच्याकडे एकही उरली नव्हती आणि ते बिनपगारी येऊन गेले.

दुसरी पायरी: सण आधी मांडा, मग आपले दिवस

आता त्याच कागदावर पहिल्या वर्षाचे सण घाला. आपल्या भागात नव्या सुनेला जे चुकवता येत नाहीत, ते थोडेच असतात. पण ते नेमके जोडसुट्टीला येत नाहीत, ही अडचण.

आमच्या वर्षात ते असे होते. आखाडात नव्या सुनेला माहेरी नेतात. २०२५ ला तो जूनच्या शेवटी सुरू झाला. मग पंचमी. महालक्ष्म्या ३१ ऑगस्ट ते २ सप्टेंबर, म्हणजे रविवार, सोमवार, मंगळवार. माझ्या दोन रजा तिथे गेल्या. दिवाळसण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, अंबाजोगाईला. वेळ अमावस्या १९ डिसेंबरला, शुक्रवारी. लातूर-धाराशिवकडे येळवशीला शेतात गेल्याशिवाय चालत नाही, आणि पहिल्या वर्षी सून शेतात नसेल तर सासूबाईंना भावकीत उत्तर द्यावं लागतं. मग १४ जानेवारीची संक्रांत, तिचं वाण. शिवाय कुलदेवतेला तुळजापूर आणि सासरच्यांच्या नवसाची जेजुरी.

या यादीतल्या प्रत्येक सणापुढे आम्ही एकच प्रश्न विचारला: इथे दोघं लागतात, की एक चालतो? महालक्ष्म्यांना सून लागते, मुलगा आला तर आनंद, नाही आला तरी चालतं. दिवाळसणाला जावई लागतोच. येळवशीला दोघं. संक्रांतीला सून. पंचमीला लेक माहेरी, जावयाचं काही काम नाही. असं लिहिल्यावर कळलं की आम्ही पहिल्या सहा महिन्यांत जिथे एक पुरला असता तिथेही दोघांच्या रजा घातल्या होत्या. महालक्ष्म्यांना ते चाकणहून तीन दिवस आले, आणि तीनही दिवस मी ओट्यापाशी होते, ते पाहुण्यांना आणायला-सोडायला. त्यातल्या सोमवार-मंगळवारच्या त्यांच्या दोन रजा राखल्या असत्या तर सप्टेंबरमध्ये रविवार धरून पूर्ण तीन दिवस मिळाले असते.

आखाडाबद्दल थोडं थांबून सांगते. त्या महिन्यात नवरा-बायकोने भेटू नये असं काही घरांत कडक पाळतात, काही घरांत फक्त सासू-सुनेपुरतं. आमच्याकडे काय आहे हे मी विचारलंच नाही, आणि महिनाभर अंबाजोगाईहून लातूरला ये-जा करत राहिले. नंतर सासूबाईच म्हणाल्या, “अगं, तू पुण्याला गेली असतीस तरी चाललं असतं. मला वाटलं तुलाच आईकडं राहायचंय.” म्हणून रीत काय आहे हे थेट विचारा. पुष्कळदा मोठ्यांनी जितकं धरून ठेवलेलं नसतं तितकं आपण धरून बसतो.

सण मांडून झाले की उरलेल्या जागेत आपले दिवस घाला. आम्ही तीन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या: घरच्यांचे लाल, प्रवासाचे निळे, दोघांचे हिरवे. नियम एवढाच, की कोणतीही भेट हिरव्याशिवाय जायची नाही. सणाची भेट असेल तर निदान अर्धा दिवस.

तिसरी पायरी: हिरवा दिवस घरात कोणी सांगायचा

सगळ्यात जास्त मी इथे चुकले. ऑगस्टमधल्या एका शनिवारी ते आले होते. रविवारी दोघंच लातूरला जाऊन येऊ असं आमचं फोनवर ठरलेलं. सकाळी मी साडी नेसून बाहेर आले आणि सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “पोरगं दोन दिसासाठी आलंय, त्यात बी तुम्ही भाईर चाललाव?” त्यांनी त्याच्यासाठी धपाट्यांचं पीठ भिजवून ठेवलं होतं, थोरल्या नणंदेला बोलावलं होतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्याही वाट बघत होत्या, आणि त्यांच्या लेखी मी त्यांचा रविवार घेऊन चालले होते.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, ज्याचं घर त्याने सांगायचं. औशाला काही सांगायचं असेल तर ते सांगतील, अंबाजोगाईला सांगायचं असेल तर मी. सुनेने सांगितलं तर ‘ती घेऊन जातेय’ होतं, मुलाने सांगितलं तर ‘त्याने ठरवलंय’ होतं. शब्द तेच असले तरी घरात ते वेगळे ऐकू येतात. दोन, आठ दिवस आधी सांगायचं, आणि सांगताना आईसाठी कोणती वेळ ठेवली आहे तेही त्याच वाक्यात सांगायचं. “आई, मी शनिवारी रात्री येतोय. रविवारी दुपारचं जेवण होईपर्यंत घरीच आहे. तीननंतर आम्ही दोघं बाहेर जाऊ, रात्री उशिरा येऊ.” सासूबाईंना रविवारची सकाळ नक्की मिळाली, ती त्यांची झाली, आणि दुपारी तीनला त्या स्वतःच म्हणायला लागल्या की निघा आता.

याच सोबत आणखी एक सांभाळावं लागतं. नवरा दूर असताना सून त्याच्या घरी राहते तेव्हा बातम्यांचे दोन रस्ते तयार होतात: आई ते मुलगा आणि बायको ते नवरा. मी शनिवारी उशिरा आले हे त्यांना आईकडून कळायचं, त्यांनी गाडी घेण्याचा विचार केलाय हे मला सासऱ्यांकडून. दुसऱ्याकडून कळलेली लहान गोष्टही बोचते. म्हणून पैसा, तब्येत, नोकरी आणि प्रवास या चार बाबतीत आधी एकमेकांना सांगायचं, मग घरात. आणि त्यांनी माझी तक्रार आईकडे किंवा आईची माझ्याकडे पोचवायची नाही. घरात दोघी आहोत तर दोघी बोलू. चारशे किलोमीटरवरून मध्यस्थी केली की आमच्या दोघींत अबोला वाढायचा, एवढा अनुभव पुरला.

चौथी पायरी: प्रवास कोणाचा, किती, कशाने

लातूरहून पुणे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. मुरूड, येडशी, बार्शी, टेंभुर्णीवरून ट्रॅव्हल्स साताठ तासांत पोचवते असं तिकिटावर दिसतं. पण औशाहून लातूर आणि पुण्याहून चाकण धरलं तर दारापासून दारापर्यंत माझे दहा-साडेदहा तास जातात. कागदावर हेच तास लिहा. बारा तास राहण्यासाठी वीस तास प्रवास होतोय असं दिसलं तर ती भेट सोडून द्या आणि पुढच्या भेटीला एक रजा जोडा. थकलेल्या चार भेटींपेक्षा निवांत दोन भेटी आम्हाला जास्त पुरल्या.

एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे घरात सहज कोणीतरी म्हणतं, “तूच जा ना, तुला अर्धंच लागतं.” पैसे वाचतात हे खरं, पण सगळा प्रवास एकाच्या अंगावर आला की सहा महिन्यांत त्याची पाठ आणि मन दोन्ही दुखायला लागतात. आम्ही तिकिटाचा खर्च एका वेगळ्या खात्यातून करतो. दर महिन्याला दोघं पगाराच्या प्रमाणात मिळून पाच हजार त्यात टाकतो, आणि तिकीट कोणाचंही असो, त्यातूनच निघतं. मग कोणाचं स्वस्त हा मुद्दा उरत नाही आणि पाळी बघून ठरवता येतं. पहिली पाळी संपवून ते शनिवारी दुपारी निघतात. माझा चौथा शनिवार असला तर मी शुक्रवारी रात्री निघते.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. लातूरहून मुंबईकडे जाणारी रात्रीची गाडी पहाटे पुण्यात सोडते. बाईमाणसाला एकटीने रात्री जायला मला तीच बरी वाटते. पण तिचं तिकीट सुट्टीच्या तोंडावर मिळत नाही, म्हणून कागदावरच्या प्रत्येक जोडसुट्टीच्या साठ दिवस आधी फोनमध्ये आठवण लावून ठेवा. दिवाळीत ट्रॅव्हल्सचं तिकीट दुप्पट-तिप्पट होतं, आणि पाडव्यानंतर लातूरहून पुण्याला परतणं तर सगळ्यात महाग. दिवाळसणाला जावयाचं परतीचं तिकीट येण्याच्या तिकिटाआधी काढा.

पाचवी पायरी: भेटीच्या आतले तास

दूर राहणाऱ्यांची भेट एका ठरावीक चालीने जाते, ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. पहिले दोन-तीन तास अवघडलेपण असतं. इतके दिवस ज्याच्याशी आवाजाने बोललो तो माणूस समोर असतो आणि बोलायला सुचत नाही. मग कुठल्यातरी क्षुल्लक गोष्टीवरून खटका उडतो, टॉवेल कुठे टाकला, फोन का बघताय. मग जवळीक येते. आणि निघायच्या चार-पाच तास आधीपासून दोघांपैकी एक गप्प व्हायला लागतो. पहिल्या तासांतल्या अवघडलेपणाला मी ‘प्रेम कमी झालं’ समजत होते आणि शेवटच्या गप्पपणाला ‘राग’. दोन्ही चुकीचं होतं.

म्हणून पहिली संध्याकाळ आणि शेवटचे पाच तास, या दोन वेळांत पैसा, सासर-माहेर, बदली यातलं काहीही काढायचं नाही असं आम्ही ठरवलं. कठीण विषय मधल्या वेळेत, पोट भरलेलं असताना, आणि एका भेटीत एकच.

जानेवारीतली भेट उदाहरणादाखल सांगते. २४ तारखेला चौथा शनिवार, २५ रविवार, २६ ला दोघांनाही सुट्टी. वर्षातली ही एकमेव फुकटची तीन दिवसांची जोड होती, म्हणून २४ नोव्हेंबरला सकाळी आठलाच शुक्रवार रात्रीचं तिकीट काढलं. शनिवारी त्यांची पहिली पाळी. मी सकाळी खोलीवर पोचले तेव्हा ते निघून गेलेले. किल्ली शेजारी, भाजी-पोळी झाकून ठेवलेली. मी दुपारपर्यंत झोपले. संध्याकाळी बाजारात गेलो, रात्री खिचडी केली, कामाचं काही बोललो नाही. रविवार पूर्ण हिरवा, कुठेही गेलो नाही. दुपारी जेवण झाल्यावर बदलीचा विषय काढला, कागद घेऊन बसलो, दीड तासात तारखा ठरवल्या आणि कागद बाजूला ठेवला. सोमवारी सकाळी जेजुरी केली. लग्नापासून राहिलेलं दर्शन औशाहून करायचं तर दोन दिवस गेले असते, चाकणहून ते दिवसाभरात झालं. सासूबाईंना गडावरून व्हिडिओ कॉल केला. रात्री हडपसरहून मी ट्रॅव्हल्समध्ये बसले, मंगळवारी पहाटे लातूर, आणि मंगळवारी त्यांची दुसरी पाळी असल्यामुळे त्यांनाही झोप मिळाली.

जवळिकीबद्दल एक गोष्ट उघडपणे लिहायला हवी, कारण मैत्रिणी ती दबक्या आवाजात विचारतात. मूल इतक्यात नको असेल तर ‘ते येतील तेव्हाच’ गोळी घ्यायची, असं पुष्कळ जणी करतात. रोजची गर्भनिरोधक गोळी नवरा नसलेल्या आठवड्यांतही रोजच घ्यावी लागते, मधूनच घेऊन तिचा उपयोग होत नाही. आणि औषधाच्या दुकानात मिळणारी तातडीची गोळी ही नावाप्रमाणे तातडीची आहे. दर भेटीनंतर घेतली तर पाळीचं गणित बिघडतं आणि ती नेहमीच्या साधनाइतकी भरवशाचीही नसते. भेटी महिन्यातून एक-दोनदाच असतील तर निरोध किंवा दुसरं काय बरं, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दोघांनी जाऊन विचारा. आणि ‘गोड बातमी कधी?’ याचं उत्तर काय द्यायचं तेही दोघांनी एकच ठरवा. तो प्रश्न घरात असलेल्या सुनेलाच येतो, चाकणला बसलेल्याला नाही. आमच्याकडे शेवटी त्यांनीच आत्याबाईंना सांगितलं की बदली होईपर्यंत नाही.

सहावी पायरी: मधले दिवस आणि फोन

फोनची वेळ पाळीप्रमाणे बदलली नाही तर तो रोज कोणाच्यातरी झोपेवर येतो. आमचं असं ठरलं: पहिल्या पाळीच्या आठवड्यात रात्री नऊला. दुसऱ्या पाळीत ते दुपारी अडीचला घर सोडतात आणि माझी जेवणाची सुट्टी दोनला होते, म्हणून दोन वाजता पंधरा मिनिटं. रात्रपाळीत संध्याकाळी, ते झोपून उठल्यावर. हे वेळापत्रक सासूबाईंच्या समोर फ्रीजवर लावलं होतं, त्यामुळे त्या वेळी मला कोणी हाक मारत नसे.

त्यांचा आईला फोन वेगळा आणि मला वेगळा. सुरुवातीला एकच फोन यायचा, स्पीकरवर, सगळे ऐकत. त्यात नवरा-बायकोचं बोलणं काही होत नाही, आणि आईलाही वाटतं की आपल्याला उरलंसुरलं मिळालं. माझी खोली माजघराला लागून होती, म्हणून मी गच्चीवर जायचे. घरात अशी एक जागा आधीच बघून ठेवा.

दुसरी गोष्ट, कामाचं बोलणं आणि मनाचं बोलणं वेगळं करा. तिकीट, गॅस, विम्याचा हप्ता, नणंदेच्या मुलीचं बारसं, हे सगळं आम्ही रविवारी सकाळी अर्ध्या तासात उरकतो, दोघांच्या हातात वही असते. नाहीतर रोजचा फोन ‘जेवलात का, काय केलं, बरं ठेवते’ एवढ्यावर येतो. फोन चाळीस मिनिटांवरून चारवर आला आणि रोज तेच तीन प्रश्न येत असतील, किंवा तुम्ही एखादा खर्च, एखादं दुखणं सांगायचं टाळू लागलात, तर काहीतरी साठतंय असं समजा. त्या वेळी लांब फोन लावून उपयोग होत नाही. पुढची भेट अलीकडे ओढा, एक रजा खर्च करा. मी डिसेंबरच्या सुरुवातीला तसं केलं. काही बोलण्याआधीच त्यांनी विचारलं, “काय झालंय तुला?” फोनवर पंधरा दिवस ते त्यांना ऐकू आलं नव्हतं.

आणि भांडण मेसेजवर कधीच नाही. रात्रपाळीला गेलेला माणूस पहाटे चारच्या चहाच्या वेळी तो वाचतो आणि उत्तर द्यायला आपण जागे नसतो. आम्ही फक्त ‘बोलायचंय, उद्या दोनला’ एवढं लिहितो.

सातवी पायरी: हे कधी संपणार याची तारीख

‘बघू पुढे’ हे मी वर्षभर ऐकू शकले नसते. जानेवारीतल्या त्या दीड तासात आम्ही दोन रस्ते लिहिले आणि प्रत्येकापुढे तारीख घातली.

पहिला रस्ता माझी बदली. सरकारी बँकांना केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०१४ मध्ये कळवलं आहे की विवाहित महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो पती असेल त्या ठिकाणी किंवा जवळ नेमावं. तो हक्क नाही, सूचना आहे, तरी अर्जात तिचा उल्लेख करता येतो. अर्ज वर्षातून ठरावीक काळातच घेतात, म्हणून शाखेतल्या जुन्या माणसाला तो काळ विचारून ठेवा. सोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि पतीच्या कंपनीचं कामाच्या ठिकाणाचं पत्र लागलं. विवाह नोंदणी गावात असाल तर ग्रामपंचायतीत होते. लग्नापासून नव्वद दिवसांच्या आत, तीन साक्षीदार घेऊन. आम्ही ती करायची राहिलो आणि नंतर उशिराचं शुल्क भरून केली, त्यासाठी दोघांची एकेक रजा गेली. लग्नाला जमलेले साक्षीदार गावात असतानाच करून टाका. त्याच फेरीत भविष्य निर्वाह निधीचं नामनिर्देशनही बदला, कारण लग्नाआधी भरलेलं लग्नानंतर चालत नाही, आणि कंपनीच्या विम्यात बायकोचं नाव घालायची मुदत विचारा. ती बहुधा फार थोडी असते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांनी एक लक्षात ठेवावं. त्यांच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणाचा संवर्ग आहे, पण जोडीदार खाजगी कंपनीत असेल तर तो लागू होत नाही. त्या भरवशावर लग्न ठरवून नंतर अडकलेली एक जोडी आमच्या ओळखीत आहे.

दुसरा रस्ता त्यांनी लातूर, सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरला नोकरी बघण्याचा. तो माझा अर्ज नामंजूर झाला तर, असं ठरलं, आणि पगार किती कमी झाला तरी चालेल तो आकडाही कागदावर लिहिला. हा आकडा लिहायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. मनात दोघांचे दोन वेगळे आकडे होते आणि दोघांनीही समोरचा आपलाच धरतोय असं मानलं होतं.

मी फेब्रुवारीत अर्ज दिला. निकाल यायचा आहे. दिवाळीनंतरच्या सहा महिन्यांचं कॅलेंडर परवा मोजलं: बारा भेटी, सव्वीस दिवस, त्यातले आमचे तेरा. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे अंबाजोगाईला जावयाचं धोंडे-जेवण आलं. आईने दोन रविवार सांगितले होते. त्यातला एक रात्रपाळीच्या शेवटचा होता, म्हणून मी दुसरा घ्यायला सांगितला, आणि त्याआधीचा शनिवार हिरव्या पेनाने लिहून टाकला.